‘बैठं काम घे’ म्हणतात सगळे, पण माझी पाठ बसल्यावरच जखडते

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा, देवगड तालुक्यातला, बी.कॉम. झालोय. दोन वर्षांपूर्वी अँकिलॉझिंग स्पॉण्डिलायटिस निघालं. सकाळी तासभर पाठ लाकडासारखी असते. दहा-साडेदहानंतर माणसात येतो, पण थकवा असा कधी जातच नाही. कणकवलीच्या एका पतसंस्थेत कॅशियरची जागा मिळतेय, एसटीने सव्वा तास. बाबा म्हणतात घरची हापूसची बाग बघ. एक मित्र घरबसल्या हिशेबाची कामं देतो म्हणतो. आईला सरकारी नोकरी हवी आहे. सगळ्यांचं एकच, बैठं काम घे. पतसंस्थेला दिवाळीपर्यंत कळवायचंय. काय निवडू?

उत्तर :

‘बैठं काम घे’ हा सल्ला गुडघा मोडलेल्या माणसाला ठीक आहे. तुमच्या आजारात तो बहुतेक वेळा उलटा पडतो. या आजाराची सूज कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांत आणि मणक्यांत असते, आणि तिच्या दुखण्या-जखडण्याचा स्वभावच असा की विश्रांतीने ते कमी होत नाही, हालचालीने होतं. म्हणून तर तुम्ही सात-आठ तास झोपून उठता तेव्हा सगळ्यात वाईट अवस्थेत असता, आणि दहापर्यंत फिरलात की मोकळे होता. खुर्चीत सलग दोन तास बसणं म्हणजे दिवसाढवळ्या पुन्हा तीच रात्र थोडी थोडी अंगावर घेणं.

हे मी आज ठामपणे सांगते, पण मीही एकदा हाच सल्ला देऊन चुकले आहे. ऑक्युपेशनल थेरपीचं काम सुरू करून मला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. आचऱ्याकडचा एक मुलगा आला होता, हाच आजार, तुमच्याच वयाचा. वडिलांबरोबर मासळीच्या टोपल्या उचलायचा. ते ओझं बंद करायला सांगितलं ते बरोबरच होतं. पण पुढे मीच म्हटलं, कणकवलीत डेटा एन्ट्रीचं काम आहे, पंख्याखाली बसायचं, घे. चार महिन्यांनी त्याची आई एकटीच आली. म्हणाली, “झील दिसाक बरो दिसता गो बाय, पण सांजेक घराक इलो काय तसोच पडता. जेवूकव उठना नाय.” ओझं उचलत होता तेव्हा निदान जेवत तरी होता.

मग मी त्याला रोजची वही ठेवायला लावली. तीच रीत आजही वापरते, तुम्हालाही तीच सांगणार आहे.

वहीत रोज सकाळी पहिला आकडा लिहायचा तो मिनिटांचा : उठल्यापासून मोकळं व्हायला किती वेळ लागला. ‘मोकळं’ म्हणजे काय हे मात्र आधी ठरवून ठेवायचं, नाहीतर रोज वेगळ्या मापाने मोजलं जातं. त्या मुलाची खूण होती न्हाणीतली. तांब्या खांद्यावरून मागे नेऊन पाठीवर पाणी घेता आलं की मोकळा. तुम्ही तुमची खूण ठरवा, पण ठरवली की बदलू नका. नंतर दिवसभर दर दोन तासांनी एक ओळ : काय करत होतो, बसून की उभा की चालत, आणि अंगात ताकद किती, शून्य ते दहा. बस्स. फार लिहायला लावलं की माणूस तिसऱ्या दिवशी वही सोडतो, हे अनुभवाने सांगते.

त्याचे कामावर नसतानाचे आठ दिवस आधी मोजले. सकाळची मिनिटं साधारण पंचेचाळीस यायची. मग कामाचा आठवडा. सोमवारी पंचेचाळीस, मंगळवारी पंचावन्न, बुधवारी सत्तर, गुरुवारी दीड तास, आणि शुक्रवारी त्याने रजा टाकली. रविवार सगळा झोपून काढला तरी पुढच्या सोमवारी साठच्या खाली उतरला नाही. साहेब त्याला सोमवारी बघायचे आणि म्हणायचे, ठणठणीत तर आहेस. साहेबांचं खोटं नव्हतं, सोमवारी तो ठणठणीतच असायचा. एकेका दिवसाकडे पाहिलं तर काम झेपत होतं. आठवडा झेपत नव्हता. काम झेपतं का, या प्रश्नाचं उत्तर कामाच्या दिवशी मिळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी मिळतं. या आजारात हे कळायला फार वेळ जातो, कारण आपण त्या सकाळचा दोष हवेला देतो, उशीला देतो, आदल्या रात्रीच्या जेवणाला देतो.

आता हिशेब. ज्या दिवशी जेवढं करून दुसऱ्या सकाळची मिनिटं वाढत नाहीत, तेवढं सगळं मिळून सोळा आणे धरायचं. हे काही वैद्यकीय माप नव्हे, मी माझ्या सोयीला धरलेलं आहे. पण आजीला, वडिलांना, कोणालाही एका वाक्यात कळतं. वहीतली ताकद कुठल्या कामात किती उतरते ते बघून अंदाजाने आणे वाटायचे. त्या मुलाचे असे निघाले : उठणं, व्यायाम, अंघोळ यांना तीन आणे. सकाळच्या बसला तीन. जेवणापर्यंतच्या बैठकीला चार, जेवणानंतरच्या बैठकीला चार. संध्याकाळच्या बसला चार, कारण गर्दीत निम्मा रस्ता उभ्याने आणि उरलेला खड्ड्यांतून बसून. बेरीज अठरा. म्हणजे रोज दोन आणे उधार. गुरुवारपर्यंत आठ आणे अंगावर, आणि आठ आणे म्हणजे अर्धा दिवस. तो शुक्रवारी आडवा होत होता त्यात आळस कुठेच नव्हता, बेरीज होती.

पुढे त्याने आचऱ्याच्याच बाजारात स्टेशनरी-झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं. सकाळी दहा ते एक, दुपारी दुकान बंद, पुन्हा चार ते आठ. पगार तीन हजारांनी कमी होता आणि घरात त्यावरून बरीच बोलाबोली झाली. पण झेरॉक्सला उभं राहायचं, वही काढायला चालायचं, गिऱ्हाईक नसलं की बसायचं. कुठल्याच स्थितीत पाऊण तास सलग राहावं लागत नव्हतं. दुपारी तो अर्धा तास चालून मग व्यायाम करायचा. बेरीज बारा आण्यांवर आली. आपल्याकडची दुकानं दुपारी बंद असतात म्हणून पुणे-मुंबईची माणसं चेष्टा करतात, पण या आजाराच्या माणसाला याहून सोयीचं वेळापत्रक मी पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे वळण्याआधी एक अट. आत्ता तुमचा आजार आटोक्यात आहे का? तासभर जखडणं आणि न जाणारा थकवा हे वाचून मला शंका आहे. संधिवाततज्ज्ञ सहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात, तिला बॅसडाय म्हणतात : थकवा, पाठ-मानेचं दुखणं, इतर सांध्यांचं दुखणं, दाबल्यावर दुखणारी ठिकाणं, सकाळच्या जखडण्याची तीव्रता आणि त्याचा वेळ. उत्तर शून्य ते दहामध्ये येतं आणि चार किंवा त्याहून जास्त आलं तर आजार चालू आहे असं धरतात. तुमचा आकडा चारच्या वर असेल तर औषध बदलण्याचं बोलणं नोकरीच्या बोलण्याआधी व्हायला हवं. सूज कमी करणाऱ्या साध्या गोळ्यांचा परिणाम दोन-चार आठवड्यांत समजतो. इंजेक्शनची बायोलॉजिक औषधं सुरू केली तर निदान बारा आठवडे द्यावे लागतात, आणि त्याआधी क्षयाची तपासणी होते, ती टाळू नका. सांगण्याचा मुद्दा इतकाच की आज तुमचे सोळा आणे जेवढे आहेत तेवढेच चार महिन्यांनी असतील असं नाही. उपचार नीट बसला की अनेकांचा आणा मोठा होतो. म्हणून आत्ता असं काही निवडू नका ज्यातून मागे फिरता येणार नाही. कर्ज काढून दुकान घालणं वगैरे तर नकोच.

आता तुमच्यासमोरची कामं. कामाचं नाव बाजूला ठेवा, कारण नावावरून काहीच कळत नाही. मी प्रत्येक कामाला चार गोष्टी विचारते. एकाच स्थितीत सलग किती वेळ? दिवसाच्या कुठल्या वेळी? वेग कोणाच्या हातात? आणि वाईट दिवस आला तर काय होतं? यातला तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महाग आहे. तेच काम स्वतःच्या वेगाने केलं तर चार आणे लागतात आणि समोर रांग असताना केलं तर सहा.

कॅशियर घेऊ. जाऊन-येऊन अडीच तास बस, तीही हादरे देणारी. काउंटरवर पाच-सहा तास. म्हणजे दिवसाचे आठेक तास बसण्यात. त्यातही कॅशियरची खुर्ची ही संस्थेतली सगळ्यात चिकट खुर्ची. क्लार्क उठून फाईल आणायला जाऊ शकतो, पण कॅशियर रोकड उघडी टाकून दोन मिनिटं पाय मोकळे करायला जाऊ शकत नाही. वेग रांगेच्या हातात. संध्याकाळी रोकड जुळली नाही, शंभर रुपये कमी आले, की जुळेपर्यंत बसायचं. शेवटची सोयीची गाडी गेली की पुढची कधी ते तुम्हाला माहीतच आहे. आणि सकाळी दहाला काउंटर उघडायचं तर तुम्हाला साडेआठची बस धरावी लागणार. तुमचा मोकळं होण्याचा तास आणि व्यायाम धरला तर साडेसहाला उठणं आलं. एरवी तुम्ही साडेदहाला माणसात येता असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दिवसातले सगळ्यात वाईट तास तुम्ही बसमध्ये, हलणाऱ्या बाकावर घालवणार. मला हे काम, आहे तसं, तुमच्यासाठी नको वाटतं.

‘आहे तसं’ हे शब्द मुद्दाम वापरले. त्याच संस्थेत दुसरं काही आहे का ते विचारा. पिग्मीचं काम लोकांना हलकं वाटतं, बी.कॉम. होऊन दारोदार फिरणार का म्हणतात. पण बाजारपेठेतली पिग्मी म्हणजे दुपारनंतर दोन-तीन तास चालत, दुकानादुकानांत थांबत, स्वतःच्या वेगाने करायचं काम. तुमच्या पाठीला हेच हवंय. मात्र पिग्मी वाडीवाडीची असेल तर नको, कारण मग ती मोटारसायकलवरची पिग्मी झाली, आणि आपल्या रस्त्यांवर मोटारसायकल म्हणजे एसटीपेक्षा वाईट. पिग्मीचं उत्पन्न कमिशनचं असतं, हेही घरात आधीच सांगून ठेवा. किंवा संस्थेची शाखा देवगडकडे, तुमच्या जवळ असेल तर बदली मागता येईल का विचारा. त्या आचऱ्याच्या मुलाचे अठरातले सात आणे नुसते बसचेच होते, हे विसरू नका.

बागेबद्दल तुमच्या वडिलांशी भांडण होण्यासारखं काही नाही. फक्त ‘बाग’ हे एक काम नव्हे, ती दहा-बारा कामांची मोळी आहे, आणि त्यातली निम्मी तुमची नव्हेत. आंबा उतरवायचा तो भल्या पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, म्हणजे नेमका तुमच्या जखडण्याच्या वेळी, मान वर करून आणि झेल्याची काठी उंच धरून. ते गड्यांवर सोडा. झाडावर चढणं पूर्ण बंद. यात तडजोड नाही, कारण या आजारात मणके हळूहळू एकमेकांना चिकटतात आणि हाड ठिसूळही होतं. दुसऱ्याला मुका मार लागेल अशा पडण्याने इथे मणका मोडू शकतो. पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांनाही हेच लागू. मोहोरावर फवारणीचा सोळा लिटरचा पंप पाठीवर घेणं म्हणजे पाण्याचंच सोळा किलो, वर पंपाचं वजन. तेही नाही. भरलेली पाच डझनी पेटी पंधरा किलोच्या वर जाते. ती उचलून टेम्पोत चढवणं दुसऱ्याचं काम.

उरलं काय ते बघा. आंबा घरी आल्यावर निवडणं, वजनावर प्रत लावणं, पेटी भरणं, आढीवर लक्ष, फोनवरच्या ऑर्डरी, पैशांचा हिशेब, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला ‘पेटी कधी पोचणार’ हे दिवसातून दहा वेळा सांगणं. हे सगळं साडेदहानंतर सुरू करता येतं. आपल्याकडे पेट्या जमिनीवर फतकल मारून भरतात. तुम्ही तसं करू नका. कंबरेएवढ्या उंचीचं फळ्यांचं टेबल करा, उभ्याने भरा, अर्ध्या तासाने फोनची कामं चालत चालत करा. माझ्या अंदाजाने हे दिवसाला सहा-सात आण्यांचं काम आहे. उत्पादनाची जबाबदारी बाबांची आणि विक्रीची तुमची अशी सरळ वाटणी करा, आणि तुमच्या हिश्शाची रक्कम हंगामाआधी ठरवून घ्या. घरच्या कामात पगार ठरत नाही, आणि न ठरलेल्या पगाराच्या माणसाला ‘जरा पेट्या पण उचल रे’ म्हणायला कोणाला काही वाटत नाही.

घरबसल्या हिशेबाचं काम मला तुमच्यासाठी सगळ्यात आश्वासक वाटतं, पण त्यात एक सापळा आहे. वेग तुमच्या हातात, वेळ तुमच्या हातात, बस नाही. पण उठवणारंही कोणी नाही. मी पाहिलेली अर्धी माणसं घरून काम करताना खाटेवर उशीला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात आणि तीन तासांनी त्यांना कळतं की आपण हललोच नाही. पाठीला कार्यालयातली साधी खुर्ची त्यापेक्षा बरी. उपाय फार साधा आहे. स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा ओटा साधारण तेहेतीस इंच उंच असतो. त्यावर आंब्याची रिकामी पेटी उपडी ठेवा, आठ-नऊ इंच वाढतात. उभं राहून कोपर काटकोनात येतंय का बघा, उंच माणसाला खाली एक फळी जास्त लागेल. अर्धा तास तिथे, अर्धा तास खुर्चीत, मध्ये पाच मिनिटं अंगणात. गजर लावा, मनावर सोडू नका. आईला ओटा कोणत्या वेळात मोकळा हवाय ते मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर आजारापेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.

किती गिऱ्हाइकं घ्यायची? इथे वर्षाचं पंचांग मांडावं लागतं. व्यापाऱ्यांची जीएसटीची महिन्याची विवरणपत्रं ११ आणि २० तारखेला भरायची असतात, म्हणजे महिन्यातले साधारण ८ ते २० हे दिवस जड. ३१ मार्चला वर्षअखेर. आणि तुमचा आंबा? मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत. म्हणजे एप्रिलचे पहिले तीन आठवडे दोन्हीकडून ओढाताण. मित्र पंधरा फर्मची कामं देतो म्हणाला तरी पहिल्या वर्षी पाच घ्या. पाच फर्मना जून-जुलैमध्ये हात रिकामे वाटतील, पण कामाची संख्या ठरवायची ती एप्रिलच्या अंगाने, जुलैच्या नव्हे. पावसात वीज आणि नेट जातं तेव्हा ११ तारखेचं काम ८ तारखेलाच संपवायची सवय लावून घ्या. शेवटच्या रात्री जागरण करून भरलेल्या विवरणपत्राची किंमत तुम्हाला पुढच्या तीन सकाळी द्यावी लागेल.

याची दुसरी बाजूही सांगते. या दोन्हीत महिन्याचा ठरलेला पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. आणि तुम्हाला पुढे बायोलॉजिक लागलं तर खर्च मोठा असतो. म्हणून पतसंस्थेला एक प्रश्न नक्की विचारा : तुम्हाला ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, लागू आहे का? २१,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असलेल्यांना तो मिळू शकतो, अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा २५,००० आहे. लागू असेल आणि जवळच्या शाखेत किंवा दुसऱ्या टेबलावर जागा मिळत असेल, तर माझं पारडं तिकडे झुकेल.

आईंच्या सरकारी नोकरीबद्दल थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रावर निदान ४० टक्के अपंगत्व लागतं. कायद्याच्या २१ प्रकारांत तुमच्या आजाराचं नाव नाही. तपासणी होते ती अस्थिव्यंग म्हणून : मणका आणि सांधे किती वळतात, ताकद किती. थकवा त्यात मोजला जात नाही. दोन वर्षांच्या आजारात, मणका अजून वाकत असताना, तुमचे ४० टक्के भरतील असं मला वाटत नाही. तरी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ओरोसला जिल्हा रुग्णालयात एकदा तपासून घ्या, त्यात नुकसान काही नाही. टक्के कमी आले तर अभिनंदन करून घ्यायचं, आईंना ते पटणार नाही ही गोष्ट वेगळी.

प्रमाणपत्र मिळालंच तर केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२१ रोजी जाहीर केलेली दिव्यांगांसाठीच्या पदांची यादी बघा. तीन हजारांवर पदं आहेत आणि प्रत्येकासमोर शारीरिक गरजा अक्षरांत लिहिल्या आहेत : एस म्हणजे बसणं, डब्ल्यू चालणं, बीएन वाकणं, आणि एसटी म्हणजे उभं राहणं, आपली लाल गाडी नव्हे. यादी उपयोगी आहे, पण ती फक्त ‘बसावं लागतं’ एवढंच सांगते. सलग किती, कोणत्या वेळी, हे सांगत नाही. तुमचा प्रश्न नेमका तिथेच आहे, त्यामुळे यादीत ‘योग्य’ लिहिलेलं पद तुम्हाला योग्य असेलच असं धरू नका. सरकारी कार्यालयाने वाजवी सोय करून द्यावी असं कायद्याचं कलम २० सांगतं. पतसंस्था ही सरकारी आस्थापना नाही, तिथे हे कलम पुढे करून फार उपयोग व्हायचा नाही. तिथे बोलण्यावरच भागवावं लागेल.

आणि बोलायचं कसं, तर आजाराचं नाव पुढे न करता कामाच्या भाषेत. “मला अमुक आजार आहे, सांभाळून घ्या” म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर खाट येते. त्याऐवजी म्हणा : “मी सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही, पण उभ्याने तेच काम करतो. उंच काउंटर आणि उंच स्टूल असेल तर माझं काम अडत नाही. रोकडीच्या टेबलापेक्षा मला कर्जाच्या फाईलींचं टेबल द्या.” हे ऐकून मॅनेजर हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, पण कशाला हो म्हणतोय हे त्याला कळलेलं असेल. एक गोष्ट मात्र आजाराच्या नावाने सांगायची : एखाद्या दिवशी डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर तुम्ही त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार, रजा मंजूर होण्याची वाट न बघता. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि तिला ‘डोळे आलेत’ म्हणून घरी ठेवता येत नाही.

आता दिवाळीपर्यंत काय करायचं ते. आजपासून पंधरा दिवस वही, काहीही न बदलता. तुमची नेहमीची मिनिटं किती ते त्यात कळेल. त्याच दिवसांत डॉक्टरांकडून तो सहा प्रश्नांचा आकडा काढून घ्या. नंतर एक आठवडा तालीम : सोमवार ते शुक्रवार खरोखर साडेआठच्या बसने कणकवलीला जा, ओळखीच्या दुकानात किंवा वाचनालयात हिशेबाची वही उघडून बसा, दीडशे-दोनशे ओळी जुळवा, आणि संध्याकाळच्या गाडीने परत या. तिकिटाचे पैसे जातील, जाऊ द्या. सोमवार-मंगळवारवर विश्वास ठेवू नका. सलग दोन सकाळी मिनिटं नेहमीच्या दीडपट झाली, म्हणजे तुमच्या बाबतीत साठची नव्वद, की तालीम तिथेच थांबवा, उत्तर मिळालं. हा दीडपटीचा नियम माझा आहे, पुस्तकातला नव्हे, पण त्याने मला क्वचितच फसवलंय. मधला एक आठवडा सोडून, मिनिटं पुन्हा मूळपदावर आली की, दुसरी तालीम घरी : मित्राकडून एका फर्मच्या मागच्या महिन्याच्या पावत्या मागून घ्या आणि ओट्यावरच्या पेटीपुढे पाच दिवस तेच तास भरा. शुक्रवारच्या आणि शनिवारच्या सकाळचे दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि ते पान बाबांना दाखवून मगच पतसंस्थेत फोन करा.